रिपोर्ट यायच्या आधीच औषध का? मेंदूचा हर्पिस आणि अ‍ॅसायक्लोव्हिर

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक आहे, पण वाचा.

माझे मोठे काका, वय ५४, वजन ६८ किलो. शुगर नाही, बीपी नाही. सोमवारपासून ताप होता. गावातल्या डॉक्टरांनी डेंग्यूची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली, म्हणून तापाच्या गोळ्या चालू. गुरुवारी सकाळी काकू म्हणाली की हे काहीतरी वेगळंच बोलतायत. चष्मा हवा असला की 'किल्ली दे' म्हणत होते. डेअरीत दूध घातलं का, हे पुन्हा पुन्हा विचारत होते, उत्तर दिलं तरी. मध्येच 'काहीतरी जळतंय' म्हणून स्वयंपाकघरात जाऊन आले. गॅस बंद होता, कुणालाच वास येत नव्हता. शेजारच्यांनी बाहेरचं बघायला सांगितलं, आत्याने शुगर उतरली असेल म्हणून साखरपाणी पाजलं. रात्री आकडी आली तेव्हा गाडी काढली.

शहरातल्या हॉस्पिटलात पहाटे पोचलो. सीटी स्कॅन नॉर्मल. मग पाठीतलं पाणी काढलं. मेंदूचा हर्पिस असू शकतो, तपासणी बाहेर जाते, रिपोर्टला वेळ लागेल, असं सांगून त्यांनी लगेच अ‍ॅसायक्लोव्हिर शिरेतून सुरू केलं. सोबत दोन अँटिबायोटिक. आज हर्पिसची पीसीआर निगेटिव्ह आली. तरी डॉक्टर औषध बंद करत नाहीत! म्हणतात, कदाचित २१ दिवस द्यावं लागेल. चुलतभाऊ भयंकर चिडलाय. आजार सिद्धच नाही तर एवढं औषध कशाचं, बिल फुगवायचं काम आहे, असं त्याचं म्हणणं. दुसरीकडे हलवायचं का? इथे कुणी माहीतगार असेल तर सांगा.

---

गप्पिष्ट

अरे हर्पिस म्हणजे नागीण ना? मला झाली होती कमरेला, आग आग व्हायची नुसती. हेच औषध दिलं होतं, ८०० च्या गोळ्या, दिवसातून पाच. सात दिवसांत मोकळा झालो. त्यासाठी अ‍ॅडमिट कशाला ठेवायचं? गोळ्या लिहून घ्या आणि घरी न्या. आणि गेरू लावा, फरक पडतो.

---

शिरीष५५

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. मेंदूज्वरात हर्पिससाठी पाठीच्या पाण्याची पीसीआर ही सगळ्यात भरवशाची तपासणी. शंभरातल्या पंच्याण्णव-शहाण्णव रुग्णांत ती बरोबर पकडते. तीच निगेटिव्ह आली तर हर्पिस नाही, विषय संपला. दुसरं काही शोधायला सांगा. चांदीपुरा तपासलं का? तो विषाणू आपल्याकडे नागपूरजवळच सापडला आहे आणि डासांचा सीझन चालू आहे.

---

अनघा_एमडी

वारणाकाठ, मी फिजिशियन आहे. पेशंट न पाहता सल्ला देत नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकते. आधी एवढंच: औषध आज बंद करू नका आणि त्यासाठी हॉस्पिटलही बदलू नका. रुग्ण हलवण्यात दोन-तीन डोस सहज चुकतात.

गप्पिष्ट, तुमची नागीण वेगळ्या विषाणूची, कांजिण्यांच्या. औषध एकच, पण गोळी पोटातून जेमतेम १५ ते २० टक्के रक्तात उतरते. रक्तातलं जेवढं असेल त्याच्या निम्मं मेंदूभोवतीच्या पाण्यात पोचतं. कातडीला ते पुरतं, मेंदूला नाही. म्हणून इथे गोळीचा प्रश्नच येत नाही. (गेरूबद्दल मी काही बोलत नाही.)

शिरीषजी, आकडा तुम्ही बरोबर दिलात. पण तो कधी घेतलेल्या नमुन्याचा? आजार मेंदूत शिरल्यावर पहिले दोन-तीन दिवस पाण्यात विषाणूचा डीएनए इतका कमी असू शकतो की तपासणीला दिसत नाही. काकांचं बोलणं बिघडलं गुरुवारी सकाळी आणि पाणी काढलं शुक्रवारी पहाटे. एक दिवससुद्धा झाला नव्हता. अशा नमुन्याच्या निगेटिव्हला मी 'अजून दिसला नाही' म्हणेन, 'नाही' म्हणणार नाही.

चांदीपुरा पसरतो वाळूमाशीने, आणि त्याचे रुग्ण जवळजवळ सगळे लहान मुलं असतात. ५४ वर्षांच्या माणसात मी तो आधी शोधणार नाही.

वारणाकाठ, पाण्याचा बाकीचा रिपोर्ट टाका. पेशी, प्रोटीन, साखर. आणि एमआरआय झाला का?

---

वारणाकाठ

ताई, रिपोर्टचा फोटो आहे, त्यातून लिहितो. पेशी ४२, त्यातल्या ९० टक्के लिम्फोसाइट. तांबड्या पेशी आहेत असं लिहिलंय. प्रोटीन ८१. साखर ६४, त्याच वेळची रक्तातली साखर १०८. एमआरआय उद्या सकाळी आहे, आज खूप तळमळत होते म्हणून जमला नाही.

---

अनघा_एमडी

मग तुमच्या डॉक्टरांच्या डोक्यात काय चाललं असेल ते सांगते.

साखर चांगली आहे, रक्तातल्या साखरेच्या निम्म्याहून जास्त. टीबीच्या मेंदूज्वरात आणि पू करणाऱ्या जंतूंच्या मेंदूज्वरात ती बहुतेक वेळा खाली जाते. पेशी थोड्या, त्याही लिम्फोसाइट. म्हणजे कल विषाणूकडे. आता विषाणू कोणता, हे लक्षणांवरून बघायचं. ज्याला नुसताच ताप आणि गुंगी आहे त्याच्यात काहीही असू शकतं. पण काका शब्द चुकवत होते, क्षणापूर्वीचं विसरत होते, आणि नसलेला जळका वास त्यांना येत होता. ही तिन्ही कामं कानशिलाच्या आत असलेल्या टेम्पोरल भागाची. तो वास बहुधा छोटी आकडीच होती, मोठी आकडी रात्री आली. हर्पिस सिंप्लेक्सला मेंदूचा नेमका हाच भाग लागतो. जपानी मेंदूज्वर खोलवरच्या थॅलॅमसला धरतो, डेंग्यूचं चित्र आणखी वेगळं.

म्हणजे पीसीआर हातात यायच्या आधीच संशय दाट होता. इतका दाट संशय आणि इतक्या लवकरचा नमुना असेल तर एका निगेटिव्हने तो पुसला जात नाही.

---

तिरसट

डॉक्टर, संशय दाट होता हे मान्य. पण रिपोर्ट दोन दिवसांत येणार होता ना? दोन दिवस थांबायला काय झालं? आपल्याकडे ताप आला की अँटिबायोटिक, डोकं दुखलं की एमआरआय, हेच चाललंय. 'आधी औषध मग निदान' याला शास्त्र म्हणायचं का?

---

अनघा_एमडी

प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा मागे जाऊन द्यावं लागेल.

सत्तरच्या दशकात या आजारावर परिणामकारक औषध नव्हतं, तेव्हा शंभरातले सत्तर दगावायचे आणि उरलेल्यांपैकी फार थोडे पूर्ववत व्हायचे. मग व्हिडाराबिन नावाचं औषध आलं. ते बऱ्यापैकी त्रासदायक होतं, भरपूर पाण्यातून द्यावं लागायचं. त्यामुळे निदान पक्कं करायला अमेरिकेत चक्क कवटीला भोक पाडून मेंदूचा तुकडा काढत. पीसीआर तेव्हा नव्हती. १९८० च्या दशकात दोन औषधांची समोरासमोर तुलना झाली. अमेरिकेतल्या अभ्यासात व्हिडाराबिनवर ५४ टक्के दगावले, अ‍ॅसायक्लोव्हिरवर २८ टक्के. स्वीडनमध्येही असंच दिसलं. त्याच अभ्यासांतून आणखी एक गोष्ट कळली. औषध सुरू होताना रुग्ण किती शुद्धीत आहे, यावर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं. बोलता-चालता असताना सुरू झालं तर बरेच चांगले बरे झाले, कोमात गेल्यावर सुरू झालं तर फार थोडे. नंतर फ्रान्समधल्या रुग्णांवरच्या अभ्यासात, दाखल झाल्यापासून औषध सुरू व्हायला दोन दिवसांहून जास्त उशीर झालेल्यांचे परिणाम ठळकपणे वाईट निघाले.

तुम्ही म्हणता ते दोन दिवस हेच. या काळात टेम्पोरल भागात रक्तस्रावासकट पेशी मरत जातात. औषध विषाणूची वाढ थांबवतं, मेलेली पेशी परत आणत नाही.

आणि चूक झाली, म्हणजे हर्पिस नव्हताच, तर नुकसान किती? अ‍ॅसायक्लोव्हिर ज्या रूपात शरीरात शिरतं त्या रूपात ते फारसं काही करत नाही. त्याला पहिला धक्का देऊन कामाला लावणारं एन्झाइम विषाणूचं स्वतःचं असतं. ज्या पेशीत विषाणू नाही तिथे औषध बहुतांशी निपचित पडून राहतं. म्हणून चार-सहा दिवस नाहक दिलं गेलं तरी बहुतेकांना काही होत नाही. मूत्रपिंडाची काळजी मात्र घ्यावी लागते. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत तर म्हटलंय की पहिल्या तपासण्या संशय दाखवत असतील किंवा लवकर मिळणारच नसतील, तर दाखल झाल्यापासून सहा तासांच्या आत सुरू करा.

---

मीनल_सिस्टर

मूत्रपिंडाचा विषय निघालाच आहे तर आयसीयूतलं सांगते. वारणाकाठ दादा, हे तुम्ही स्वतः बघू शकता.

काकांचं वजन ६८, म्हणजे किलोला १० मिलिग्रॅम धरून एका वेळी ६८० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. हे औषध घाईत सोडायचं नसतं, पूर्ण एक तास चाललं पाहिजे, आणि १०० मिलीपेक्षा थोड्या जास्त सलाईनमध्ये मिसळलेलं असावं. भराभर सोडलं किंवा अंगात पाणी कमी असलं की मूत्रपिंडाच्या नळ्यांत त्याचे खडे धरतात. लघवी किती होते ते लिहून ठेवतात का विचारा. क्रिएटिनिन रोज नाही तर एक दिवसाआड झालंच पाहिजे.

दुसरं, हे औषध खूप अल्कली असतं. सुई शिरेबाहेर सरकली तर हात सुजतो, कातडी जळते. काका तळमळत असतील तर हात हलवणारच. जिथे सुई आहे तिथे लाल झालं, टणक लागलं की लगेच आमच्यातल्या कुणाला तरी हाक मारा, सकाळच्या राउंडची वाट बघू नका.

---

शिरीष५५

नमुन्याच्या वेळेचा मुद्दा मान्य. पण माझी एक शंका राहतेच. औषध आधी सुरू केलं तर विषाणू मरणार, मग पुन्हा केलेली पीसीआर निगेटिव्ह येणारच. म्हणजे निदान कधीच पक्कं होणार नाही. हा घोळ कसा सोडवता?

---

अनघा_एमडी

तसं होत नाही. पीसीआर जिवंत विषाणू शोधत नाही, त्याचा डीएनए शोधते. उपचार चालू असले तरी साधारण पहिला आठवडाभर तो बहुतेकांच्या पाण्यात सापडतो. म्हणून तपासणीसाठी औषध थांबवायचं नाही आणि औषध चालू आहे म्हणून तपासणीही टाळायची नाही. पहिल्यानंतर तीन ते सात दिवसांत पुन्हा पाणी काढून पाठवतात.

---

वारणाकाठ

अपडेट. एमआरआय झाला. डावा टेम्पोरल भाग आणि त्याला लागून असलेला इन्सुला सुजलेला आहे असं लिहिलंय. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं, डावी बाजू पांढरी पांढरी दिसते. उजवी साफ. आदल्या सीटीत यातलं काहीच नव्हतं! चुलतभावाला समोर बसवून दाखवलं, तो आता गप्प आहे.

एक वाईट बातमी. क्रिएटिनिन दाखल झालो तेव्हा ०.९ होतं, आज १.८. मीनलताई, तुम्ही म्हणालात तसंच. आता काय, औषध बंद?

---

मीनल_सिस्टर

घाबरू नका, बंद नाही करत. सोबत दुसरं काय चालू आहे? व्हँकोमायसिन आहे का? आणि सलाईन किती जातंय?

---

वारणाकाठ

हो, व्हँकोमायसिन आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. सलाईन आज वाढवलंय. आधी काका स्वतः पाणी पीत होते म्हणून कमी होतं, पण दोन दिवस त्यांनी धड घोट घेतलेला नाही.

---

अनघा_एमडी

व्हँकोमायसिनही मूत्रपिंडाला जड, आणि वरून पाणी कमी पडलं. दोन्ही मिळून हे झालं असावं. पाण्याच्या कल्चरमध्ये जंतू वाढले नसतील तर व्हँकोमायसिन आता काढता येईल, तो निर्णय तुमचे डॉक्टर घेतील.

अ‍ॅसायक्लोव्हिरचा हिशेब असा. ५४ वर्षं, ६८ किलो, क्रिएटिनिन १.८ धरलं तर मूत्रपिंडाचं काम मिनिटाला ४५ मिलीच्या आसपास येतं. २५ ते ५० च्या मधल्या रुग्णांना डोस तोच ठेवतात, अंतर वाढवतात. म्हणजे ६८० मिलिग्रॅम, पण आठऐवजी बारा तासांनी. क्रिएटिनिन रोज बदलत असताना हा हिशेब अंदाजेच असतो, म्हणून रोज नव्याने करायचा आणि आकडा उतरला की परत आठ तासांवर यायचं. हे शेवटचं बऱ्याचदा राहून जातं. डोस कमी केलेला तसाच पुढे चालत राहतो. रोज विचारा.

आणखी एक. मूत्रपिंड मंद असताना हे औषध अंगात साठलं तर त्यानेच माणूस बरळतो, हात थरथरतात, भास होतात. आजार वाढला की औषध साठलं, हे ओळखणं कठीण जातं. क्रिएटिनिन चढत असताना, दोन-तीन दिवसांत नव्याने भास सुरू झाले तर हे ध्यानात असू द्या.

---

तिरसट

काकांच्या बाबतीत मी मागे घेतो. पण माझा मूळ मुद्दा तसाच आहे. तालुक्याच्या ठिकाणी पीसीआर पाठवत नाहीत, एमआरआय नाही. तिथे 'संशय' म्हणून सुरू केलेलं औषध थांबवणार कोण आणि कशाच्या आधारावर? माझ्या मेहुण्याला असंच चौदा दिवस दिलं, शेवटी स्क्रब टायफस निघाला.

---

अनघा_एमडी

हा मुद्दा खरा आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांना संशयावरून सुरू होतं त्यातल्या बहुतेकांना शेवटी हर्पिस नसतोच. दुर्मिळ आजार आहे, दहा लाख लोकांमागे वर्षाला दोन ते चार. त्यामुळे सुरू करताना थांबवायचं कधी हेही ठरलेलं असायला हवं. दुसरं कारण पक्कं सापडलं तर थांबवा, तुमच्या मेहुण्यांसारखं. किंवा एक-दोन दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन पीसीआर निगेटिव्ह आणि एमआरआयही हर्पिससारखा नसेल तर थांबवा. लक्षणं सुरू होऊन तीन दिवस उलटल्यावरची एकच पीसीआर निगेटिव्ह, पेशंट पूर्ण शुद्धीत, एमआरआय स्वच्छ आणि पाण्यात पेशी पाचपेक्षा कमी, एवढं सगळं जुळलं तरी चालतं.

पण हे सगळं जिथे पीसीआर आणि एमआरआय आहे तिथलं. जिथे नाही तिथे डॉक्टर थांबवायला घाबरतो. आणि स्क्रब टायफसच्या भागात नुसतं अ‍ॅसायक्लोव्हिर सुरू करून डॉक्सिसायक्लिन विसरणं ही माझ्या मते वाईट सवय आहे. संशय दोन्हींचा असेल तर दोन्ही द्यायला हवं.

---

तिरसट

म्हणजे गरीब पेशंटला तीन-तीन औषधं, पैसेवाल्याला एमआरआय. ठीक आहे, पटतंय असं नाही, पण कळलं.

---

वारणाकाठ

दुसऱ्यांदा पाणी काढलं होतं, त्याची पीसीआर पॉझिटिव्ह आली. हर्पिस सिंप्लेक्स १. क्रिएटिनिन १.२ वर आलं, औषध पुन्हा आठ तासांवर आणलंय. व्हँकोमायसिन काढलं. काका काकूला नावाने हाक मारतात, पण वस्तूंची नावं अजून चुकतात, आणि काल दुपारी कोण भेटायला आलं होतं ते आठवत नाही. २१ दिवस पूर्ण करणार म्हणतायत. ताप आठव्या-नवव्या दिवसापासून नाही. मग बाकीचे दिवस घरी गोळीवर काढले तर?

---

अनघा_एमडी

नाही. २१ चे २१ शिरेतूनच. १४ ते २१ असं लिहिलेलं असतं, पण लवकर थांबवलेल्यांमध्ये आजार उलटल्याची उदाहरणं आहेत, म्हणून बरेच जण २१ धरतात. काही ठिकाणी शेवटी पुन्हा पाणी तपासून, पीसीआर निगेटिव्ह झाल्यावरच थांबवतात. शिरेतला कोर्स संपल्यावर पुढे तीन महिने व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्या देऊन बघितल्या गेल्या आहेत, त्याने स्मरणशक्तीत फरक पडला नाही.

नावं आणि नव्या आठवणी सगळ्यात उशिरा सुधारतात. किती सुधारतील ते आत्ता कुणी सांगू शकणार नाही. स्पीच थेरपी हॉस्पिटलातच सुरू करून घ्या.

---

ओवी

खूप दिवस नुसती वाचत होते, आता लिहितेच. माझ्या धाकट्या बहिणीला हाच आजार झाला होता. २१ दिवस पूर्ण, पीसीआर निगेटिव्ह, घरी आली, कॉलेजला जायचं बोलायला लागली. मग महिनाभराने अचानक झोप उडाली, चिडचिड, तोंडाच्या विचित्र हालचाली, आम्हाला ओळखेना. आम्ही धरून चाललो हर्पिस परत आला. हॉस्पिटलने पण आधी अ‍ॅसायक्लोव्हिरच सुरू केलं. पाण्यात विषाणू सापडलाच नाही. तिच्याच शरीराने मेंदूविरुद्ध अँटिबॉडी केल्या होत्या. मग स्टिरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिन. आता बरी आहे, परीक्षेला बसली, पण तेव्हाचे काही महिने तिला आठवत नाहीत.

वारणाकाठ, घाबरवायचं म्हणून नाही लिहिलं. आम्हाला कुणी सांगितलं असतं तर आम्ही आठवडा घालवला नसता.

---

वारणाकाठ

ओवी, बरं झालं लिहिलंत. अनघाताई, हे किती जणांना होतं? घरी गेल्यावर नेमकं काय बघायचं?

---

अनघा_एमडी

स्पेनमध्ये ५१ रुग्णांवर पाळत ठेवली होती, त्यातल्या १४ जणांना झालं. दुर्मिळ म्हणता येणार नाही. बहुतेकांना पहिल्या दोन-तीन महिन्यांत. लहान मुलांत हातापायांच्या वेड्यावाकड्या हालचाली दिसतात, मोठ्यांत बहुधा वागणं बदलतं, झोप जाते, आकड्या वाढतात. सुधारत चाललेला माणूस मागे जायला लागला, हे पुरेसं कारण समजा आणि त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. तेव्हाही पाणी काढून पीसीआर करतात, आणि तिचं उत्तर येईपर्यंत अ‍ॅसायक्लोव्हिर देतातच, ओवीच्या बहिणीला दिलं तसं.

अँटिबॉडीची तपासणी नुसत्या रक्तात करून समाधान मानू नका. रक्तात निगेटिव्ह आणि पाण्यात पॉझिटिव्ह असं होतं, म्हणून दोन्ही नमुने एकदमच पाठवायला सांगा.